पत्ता बदलला की बीपीची गोळी का सुटते?

बीपीच्या औषधाबद्दल आपल्या घरांत दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक, ते महाग पडतं. दोन, एकदा सुरू केलं की जन्मभर घ्यावं लागतं. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या बाबतीत खरी आहे. पहिली मात्र आता तितकी खरी राहिलेली नाही. जेनेरिक घेतलं तर दोन औषधांचा महिन्याचा खर्च साठ रुपयांच्या आत बसतो, आणि सरकारी केंद्रात ती औषधं फुकट मिळतात. तरीही आपल्या माणसांचा उपचार मोडतो. माझ्या संशोधनाच्या कामात मला तो मोडताना वारंवार दिसला तो गाव बदलताना. म्हणून या लेखात किमतीपेक्षा खंडाबद्दल जास्त लिहितो आहे.

मी श्रीपेरुंबुदूरमध्ये काम करणाऱ्या मराठी कंत्राटी कामगारांचा अभ्यास करतो. चेन्नईपासून चाळीसेक किलोमीटरवर, बंगळुरू महामार्गालगतचं हे गाव. आपल्याकडे एमआयडीसी असते तशी इथे सिपकॉट आहे. ह्युंदाई, फॉक्सकॉन आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहान-मोठे कारखाने या पट्ट्यात आहेत. विदर्भ-मराठवाड्यातून आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेली मुलं इथे एका खोलीत चौघं-पाचजण राहतात. लग्न झालं की वेगळी खोली घेतात, आणि मग कधी बाळंतपणासाठी, कधी शेतातलं काम संपलं म्हणून, गावाकडून आई-वडील येऊन तीन-चार महिने राहतात. घरात पहिल्यांदा शिकलेला तोच असल्यामुळे आईच्या गोळीच्या पट्टीवरचं इंग्रजी वाचणं हे त्याचंच काम असतं. हा लेख वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये असा पट्टीचा फोटो असेलच.

यातली विसंगती अशी की प्रवासाच्या दोन्ही टोकांना सरकारी व्यवस्था बऱ्यापैकी चांगली आहे. तमिळनाडूत ५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ ही योजना सुरू झाली. नावाचा अर्थ, लोकांना शोधत जाणारं औषध. बचत गटांतून निवडलेल्या आरोग्य स्वयंसेविका घरोघरी जाऊन बीपी आणि शुगर तपासतात व औषधं हातात देतात. याची गरज का पडली हे राज्याच्याच २०२० च्या पाहणीतून कळतं. बीपी असलेल्या शंभर जणांपैकी जेमतेम सात जणांचा बीपी आटोक्यात होता. औषधाची कमतरता हे त्याचं मोठं कारण नव्हतं, कारण सरकारी औषध खरेदीसाठी तमिळनाडूने १९९४ मध्येच वेगळं महामंडळ काढलं होतं. लोक दर महिन्याला केंद्रापर्यंत पोचत नव्हते, म्हणून औषध त्यांच्या दारी न्यायचं ठरलं.

दुसऱ्या टोकाला आपला महाराष्ट्र. बीपी नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे निवडले गेले. मोजकी ठरलेली औषधं, ठरलेले डोस, उपकेंद्रापर्यंत औषध आणि दर महिन्याला तारीख देऊन फेरतपासणी, अशी त्याची रचना आहे. म्हणजे वर्ध्याच्या बाईला गावात औषध मिळतं आणि श्रीपेरुंबुदूरच्या बाईलाही दारात मिळतं. पण वर्ध्याची बाई श्रीपेरुंबुदूरला आली तर काय होतं?

अशाच एका घराची हकीकत सांगतो. नावं देत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एक काकू, वय बावन्न, शेतमजुरी करणाऱ्या. गावातून त्यांना दोन गोळ्या मिळत: अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, दोन्ही रोज एकेक. बीपी १३० च्या आसपास स्थिर होता. सुनेचं बाळंतपण जुलैत होतं, म्हणून १२ जूनला त्या मुलाकडे निघाल्या. ३ जूनला त्यांना तीस दिवसांच्या गोळ्या मिळाल्या होत्या. नऊ दिवसांच्या खाऊन झाल्या होत्या, उरल्या एकवीस. म्हणजे शेवटची गोळी २ जुलैला संपणार हे घरातून निघतानाच ठरलेलं होतं. फक्त तो हिशेब कोणी मांडला नाही.

गोळ्या संपल्यावर मुलाने शिफ्ट सुटल्यावर त्यांना जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. कार्ड गावीच राहिलं होतं आणि सांगता येत होतं ते एवढंच: एक छोटी पांढरी गोळी, एक जरा मोठी. डॉक्टरांनी बीपी मोजून दोन्ही औषधं एकत्र असलेली ब्रँडची गोळी लिहून दिली. वैद्यकीय दृष्टीने यात काही चूक नाही. पण पंधरा गोळ्यांची पट्टी २१० रुपयांना पडली, म्हणजे रोजचे चौदा रुपये. दोन पट्ट्या झाल्यावर बाळाचा खर्च वाढला आणि काकूंनी कोणाला न सांगता गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. नंतर ती बंदच केली. त्यांचं कारण साधं होतं: “न घेता काही होत नाही ना, मग कशाला पैसे घालवायचे?”

इथे थोडं थांबायला हवं, कारण या वाक्यात निम्मा रोग लपलेला आहे. अम्लोडिपिन शरीरात फार हळू उतरतं. चोवीस तासांनंतरही त्याचा बराच भाग रक्तात शिल्लक असतो. त्यामुळे एक गोळी चुकली तर फारसा फरक पडत नाही, आणि बंद केल्यावर बीपी एका रात्रीत उसळत नाही, तर आठवडा-दोन आठवड्यांत हळूहळू जुन्या जागी जातो. चढलेला बीपी बहुतेकांना जाणवतही नाही. डोकं दुखेल, चक्कर येईल, मग समजेल, असं आपण धरून चालतो, पण तसं होईलच असं नाही. खंड पडल्याची खूण शरीरात शोधून सापडत नाही. ती सापडते यंत्रावर आणि उरलेल्या गोळ्यांच्या मोजणीत. काकूंचा बीपी सप्टेंबरात एका तपासणी शिबिरात मोजला गेला तेव्हा तो १७८/१०४ होता, आणि त्या म्हणाल्या की मला तर काहीच त्रास नाही.

या घरात काय वेगळं करता आलं असतं? तीन गोष्टी, आणि तिन्ही त्या शिकलेल्या मुलाच्या हातातल्या.

पहिली गोष्ट, औषधाचं मूळ नाव. गोळीचा रंग, आकार आणि ब्रँड दुकानागणिक बदलतो. मूळ नाव आणि मिलिग्रॅम मात्र चेन्नईतही तेच आणि चंद्रपुरातही तेच. तमिळमध्ये गोळीला ‘मात्तिरै’ म्हणतात, पण ‘प्रेशर मात्तिरै’ एवढ्यावर दुकानदार योग्य औषध देऊ शकत नाही. पट्टीच्या मागे मूळ नाव छापलेलं असतं, आणि एकच औषध असलेल्या गोळीवर ते ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापायचा नियम २०१८ पासून आहे. म्हणून फोटो पट्टीच्या मागच्या बाजूचा घ्या, ज्यात नाव, मिलिग्रॅम आणि मुदत तिन्ही वाचता येतील. पट्टी कापून दिली तर हा भाग सर्वात आधी जातो. तो सांभाळा.

ही नावं वाचायची एक सोपी खूण आहे. शेवट पाहायचा. ‘डिपिन’ने संपणारी एका घराण्यातली, जसं अम्लोडिपिन. ‘सार्टन’ने संपणारी दुसऱ्या घराण्यातली, जसं टेल्मिसार्टन, लोसार्टन. ‘प्रिल’ने संपणारी, जसं एनालाप्रिल, ही सार्टनशी मिळतंजुळतं काम करणारी. ‘लॉल’ने संपणारी, जसं अटेनोलॉल, ही आणखी वेगळी. राज्याराज्यांची ठरलेली औषधं थोडी निराळी असतात, त्यामुळे नव्या ठिकाणी टेल्मिसार्टनऐवजी लोसार्टन मिळू शकतं. डॉक्टरांनी बदलून दिलं असेल तर हरकत नाही. घोटाळा होतो तो परत गेल्यावर, जेव्हा गावाकडचं टेल्मिसार्टन पुन्हा सुरू होतं आणि पिशवीतलं लोसार्टनही चालूच राहतं. एकाच घराण्यातल्या दोन गोळ्या, किंवा एक सार्टन आणि एक प्रिल घरात दिसल्या, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही एकत्र देऊ नका. जोडगोळीचंही तसंच. तिच्यात दोन्ही औषधं असतात, त्यामुळे ती सुरू झाली की जुन्या सुट्या गोळ्या थांबवायच्या का, हे त्याच वेळी विचारून घ्या.

आणखी एक धोका या घरात होता. सार्टन आणि प्रिल गरोदरपणात चालत नाहीत, गर्भाला इजा होते. बाळंतपणाच्या घरात सासूची बीपीची गोळी सुनेने घेणं हा प्रकार मी दोनदा ऐकला आहे. गरोदर बाईचा बीपी चढला तर तिचं औषध वेगळं असतं आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं असतं.

दुसरी गोष्ट, निघण्याआधीचा हिशेब. काकूंचा आपण मांडून पाहू. १२ जूनला निघून १० ऑक्टोबरला परत, म्हणजे १२१ दिवस. रेल्वेचं तिकीट मिळालं नाही, उपकेंद्रात साठा नव्हता, अशा कारणांसाठी दहा दिवस जास्त धरू. झाले १३१. हातात २१ होत्या, म्हणजे प्रत्येक औषधाच्या ११० गोळ्या कमी, दहाच्या अकरा पट्ट्या. मी मागे जनऔषधी केंद्रात विचारलं तेव्हा अम्लोडिपिनची पट्टी पाच-सहा रुपयांच्या आणि टेल्मिसार्टनची बारा-तेरा रुपयांच्या घरात होती. दोन्ही मिळून चार महिन्यांचे सुमारे दोनशे रुपये. त्याच ११० दिवसांना ब्रँडच्या जोडगोळीचे पंधराशेच्या वर झाले असते. काकूंच्या मुलाने एका पट्टीला जे मोजले, तेवढ्यात सबंध मुक्काम निघाला असता.

यासाठी चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहून घ्यायला हव्यात: मूळ नावं, आणि दिवसांची संख्या. ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात, आणि ‘३० दिवस’ लिहिलेल्या चिठ्ठीवर दुकानदाराने चार महिन्यांचं देणं अपेक्षित नाही. बीपी स्थिर असेल तर ‘बाहेरगावी जात आहे, १३० दिवस’ असं लिहून द्यायला डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत. मागायला मात्र लागतं. घेताना मुदत पाहा, आणि दोन्ही औषधं एकाच दिवशी संपतील अशी घ्या. एक संपलं की दुसरं एकटं चालू राहतं आणि घरच्यांना वाटतं औषध सुरू आहे. टेल्मिसार्टनला दमट हवा सोसत नाही, म्हणून चेन्नईच्या हवेत गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नका. आणि प्रवासात औषध डोक्याशी ठेवायच्या लहान पिशवीत असू द्या, बर्थखालच्या मोठ्या बॅगेत नको.

तिसरी गोष्ट, पोचल्यावरची पहिली दोन आठवडी. गोळ्या उरलेल्या असतानाच नव्या गावातलं केंद्र शोधायचं. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मोफत आहे. अडचण वेळेची असते. बाह्यरुग्ण विभाग बहुधा सकाळी चालतो आणि कंत्राटी मुलाची सकाळ म्हणजे एका दिवसाची हजेरी. म्हणून ज्या गल्लीत राहता तिथली स्वयंसेविका कोण हे शेजारणीला विचारा आणि आपल्या खोलीत बीपीचं माणूस आहे हे तिला कळवा. तिने स्वतःहून यावं हे खरं, पण भाड्याच्या खोल्यांतली माणसं दर काही महिन्यांनी बदलतात आणि यादीतून निसटतात. ज्यांचा पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांनी अवलंबून असलेल्या आई-वडिलांची नावं ईएसआयच्या नोंदीत आहेत का ते पाहावं. असतील तर औषधाचा तो आणखी एक मार्ग आहे. फेब्रुवारी २०२५ पासून तमिळनाडूत ‘मुदल्वर मरुंदगम’ नावाची स्वस्त औषधांची सरकारी दुकानं सुरू झाली आहेत, जनऔषधी केंद्रं तर आहेतच.

आणि खंड पडलाच तर? राहिलेल्या गोळ्या भरून काढायला एकदम दोन घेऊ नका. दोन-चार दिवसांचा खंड असेल तर नेहमीचा डोस पुन्हा सुरू करा. काही आठवड्यांचा असेल तर आधी बीपी मोजून डॉक्टरांना दाखवा. ‘लॉल’ गटातली औषधं आणि क्लोनिडिन यांचा खंड अधिक घातक, कारण ती अचानक थांबली की बीपी किंवा नाडी एकदम उसळू शकते. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूला कमजोरी, बोबडी वळणं किंवा दिसेनासं होणं यातलं काहीही असेल, तर गोळी शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

एक शंका मला प्रत्येक खोलीत विचारली जाते. “स्वस्तातलं लागू पडेल का?” ही शंका अडाणीपणाची नाही. आपल्या वाट्याला स्वस्त म्हणून जे जे आलं ते बहुतेकदा हलकंच होतं, हा पिढ्यांचा अनुभव आहे. कमी दर्जाच्या बॅच सापडतात हेही खरं, आणि त्यांची यादी केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला जाहीर करते. त्या यादीत ब्रँडची नावंही असतात. म्हणून याचा निवाडा किमतीवरून होऊ शकत नाही, मोजून होऊ शकतो. औषध बदलण्याआधी बीपी लिहून ठेवा. बदलल्यावर तोच डोस रोज घेऊन दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा मोजा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीवर ठेवून दोनदा मोजा. आकडा पूर्वीसारखाच असेल तर औषध काम करतं आहे. चढला असेल तर आधी रोज घेतलं का ते पाहा, मग मीठ, आणि मग अंगदुखीच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बीपी चढवतात, आणि सार्टनसोबत रोज घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. ओझी उचलणाऱ्या आपल्या माणसांच्या खिशात त्या असतातच.

हे सगळं घराने करायचं. पण माझा मुद्दा एवढ्यावर संपत नाही, कारण ज्या घरात पट्टी वाचणारं कोणी नाही तिथे काय, हा प्रश्न उरतो. उपकेंद्राची तीस दिवसांची तारीख ही एका जागी राहणारा माणूस गृहीत धरून ठरवलेली आहे. आपल्याकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास घर सोडतात ते पाच-सहा महिन्यांनी परततात. श्रीपेरुंबुदूरच्या खोल्यांतही तेच, फक्त महिने वेगळे. या स्थलांतरात कोण असतं? ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा पुरेशी नाही ते. आपल्या राज्यात याला जातीचा चेहरा आहे, आणि म्हणून औषधाच्या तारखेचा नियम वरवर सर्वांना सारखा असला तरी त्याचा फटका सारखा बसत नाही.

यावरचा उपाय नव्याने शोधायलाही नको. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच राज्यांना कळवलं होतं की बीपी-शुगरच्या नोंदणीकृत रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतचं औषध एकदम द्यावं. म्हणजे ते देता येतं. तेव्हा सगळा देश घरात बसला होता म्हणून दिलं, आता माणूस घराबाहेर पडतो आहे म्हणून द्यावं. ज्याचा बीपी स्थिर आहे आणि जो बाहेरगावी निघाला आहे, त्याला उपकेंद्रातून तीन महिन्यांचं औषध आणि मूळ नावं लिहिलेली चिठ्ठी मिळायला हवी. पोचेल तिथल्या केंद्राने ती चिठ्ठी पाहून, स्थानिक पत्ता न मागता, औषध पुढे चालू ठेवायला हवं. आभा क्रमांकावर नोंद देशभर दिसेल असं सांगितलं जातं. ती दोन राज्यांतल्या केंद्रांत खरोखर उघडून पाहिली जाते का, यावरून त्या क्रमांकाची किंमत ठरेल.

ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत, कामगार संघटनेत या मागण्या मांडता येण्याजोग्या आहेत, आणि मांडायला आकडे-कागद समजणारी माणसं आता आपल्याकडे आहेत. तोपर्यंत घरात बीपीचं माणूस असेल, तर तिकीट काढताना कॅलेंडरवर दोन तारखांवर खूण करा: परतीची, आणि शेवटच्या गोळीची. दुसरी तारीख पहिलीच्या आधी येत असेल, तर निघण्यापूर्वी मेडिकलमध्ये जाऊन या.